तिसऱ्या मजल्यावरचा जाळीचा पाइप

आमच्या वहिनींना अख्खा बाजार नळवाल्या बाई म्हणतो. आधी मला राग यायचा. आता कोणी नुसतं वहिनींच्या नावाने विचारलं तर मलाच क्षणभर कळत नाही की कोण म्हणून.

दादा गेला, तेव्हा त्याची अवजारांची पिशवी माझ्या दुकानात पडून होती. माझं दुकान नळ, कॉक, पाइप आणि असल्याच सटरफटर वस्तूंचं. महिनाभराने वहिनी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, ती पिशवी द्या. मी कामं करणार." मी हसलो. माझं तोंडच असं आहे, आधी हसतं मग विचार करतं. म्हटलं, "अहो वहिनी, पान्हा फिरवायला मनगट लागतं." त्या म्हणाल्या, "तुमचे दादा मनगटाने काम करायचे म्हणूनच त्यांच्या हातून नट फुटायचे." आणि पिशवी उचलून गेल्या.

त्यांचं म्हणणं खरंही होतं, हे मला नंतर कळलं. बेसिनखाली भिंतीतून जो छोटा कॉक बाहेर येतो, तो अँगल कॉक. त्याच्यापासून वरच्या नळापर्यंत जातो तो कनेक्शन पाइप. कॉक भिंतीत बसवताना आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायची. पण पाइपाच्या नटात रबरी वॉशर असतो, तिथे टेप नको. नट आधी हाताने आवळायचा, मग पान्ह्याने पाव फेरा, बस. पुरुष गडी येतो तो तिथे सगळा जोर काढतो, वॉशर चेंगरतो, आणि दोन महिन्यांत ठिबकायला लागतं. वहिनींचं कधी ठिबकलं नाही. नोकरी करणाऱ्या बायकांचं एक वसतिगृह आहे, तिथल्या व्यवस्थापकबाईंनी सगळ्या नळांचं काम वहिनींकडे दिलं. खोल्यांमध्ये जायला बाईमाणूस बरं, हे एक कारण. दुसरं म्हणजे काम चोख. सहा वर्षं त्याच एका कामावर वहिनींचं घर चाललं आणि लेकीचं शिक्षणही.

आणि मग त्या रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत पाइप फुटला.

खोलीतली मुलगी गावाला गेलेली. दाराला कुलूप. पाणी दाराखालून जिन्यावर आलं तेव्हा कुठे पहारेकऱ्याला पत्ता लागला. कॉक आत, चावी मुलीकडे. शेवटी त्याने गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. तोवर खालच्या खोलीचं छत गळून दोघींच्या गाद्या, कपडे आणि एकीची परीक्षेची सगळी टिपणं भिजून लगदा झालेली.

व्यवस्थापकबाईंनी वहिनींना सांगितलं, "बुधवारी विश्वस्तांची बैठक आहे. हे का झालं ते मला सांगा. तुमची चूक असेल तर काम दुसऱ्याला जाईल. माझाही इलाज चालणार नाही."

झालं! सोमवारी वहिनी फुटका पाइप पिशवीत घालून दुकानात आल्या, आणि दिवसभर आमच्या डोक्याचा पार भुगा झाला.

मी आधी पहारेकऱ्याला धरलं. म्हटलं, टाकी काठोकाठ भरत असेल, दाब वाढला असेल. वहिनी म्हणाल्या, "टाकी तीच, दाब तोच. मग त्या मजल्यावर मी बसवलेले बाकीचे अकरा पाइप का नाही फुटले?" मग मी मापाला धरलं. म्हटलं, अठरा इंची पाइप तिथे ताणला गेला असेल, चोवीस इंची हवा होता. वहिनींनी काउंटरवर पाइप वाकवून दाखवला. "ढिला होता. चार बोटं झोळ होता. मी ताणून बसवत नाही, तुम्हाला माहीत नाही का?" मग मी म्हटलं, नट जास्त आवळला असेल. त्यावर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी विषयच सोडला.

"नटापाशी फुटलाच नाहीये," त्या म्हणाल्या. "तेच तर कळत नाहीये. पाइप नेहमी टोकाला जातो, नटाच्या कडीजवळ. हा मधोमध गेलाय. असं कधी बघितलंय तुम्ही?"

मी नव्हतं बघितलं. तीस वर्षं धंद्यात, पण नव्हतं बघितलं.

वर आणि व्यवस्थापकबाईंनी एक वाक्य टाकलं होतं ते वहिनींना खुपत होतं. "आधीचे साधे प्लास्टिकचे पाइप नऊ वर्षं टिकले. तुमच्याच आग्रहावरून जाळीचे घातले आणि ते दीड वर्षात फुटले." आता सांगा, काय उत्तर द्यायचं? साधा पाइप गार पाण्याला चालतो. पण गेल्याच्या गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर गिझर बसले आणि गरम बाजूचे साधे पाइप मऊ पडून फुगायला लागले. म्हणून वहिनींनी सहा खोल्यांचे बाराही पाइप बदलून स्टीलच्या जाळीचे घातले. पाणी धरतं आतलं रबर, आणि दाब धरते बाहेरची जाळी. काम योग्यच होतं. मग फुटला का?

"मला खरंच काही कळेनासं झालंय, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. दादा गेला तेव्हासुद्धा त्या असं म्हणाल्या नव्हत्या.

मंगळवारी त्या दुसरा पाइप काढून घेऊन आल्या, शेजारच्या खोलीतला, तोही गरम बाजूचाच, पण धडधाकट. दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवले. जाळीच्या पाइपात रंगीत दोरा विणलेला असतो, गरमासाठी लाल आणि गारासाठी निळा. धडधाकट पाइपातला दोरा कुंकवासारखा लाल होता. फुटक्यातला दोरा विटून गेलेला, धुतलेल्या फडक्यासारखा.

वहिनी चष्मा पुसत म्हणाल्या, "एकाच दिवशी बसवले. एकाच मजल्यावर. बेसिनखाली ऊन तर येत नाही. मग रंग कसा उडाला?"

माझी नजर दुकानाच्या दाराकडे गेली.

दुकानाच्या दारात एक खिळा आहे. गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून तिथे मी एकेक नग लटकवतो, एक कॉक, एक शॉवर, एक जाळीचा पाइप मधोमध दुमडून. पश्चिमेचं ऊन थेट तिथे येतं. तो पाइप तिथे पाच वर्षं तरी असेल, जास्तच. वहिनींनी बारा मागितले त्या दिवशी खोक्यात अकराच निघाले. त्या घाईत होत्या. मी हात वर केला, खिळ्यावरचा काढला, फडक्याने पुसला आणि पिशवीत टाकला. नवाच की, कोणी वापरलाय थोडाच! असं वाटलं मला. अहो, वाटलंसुद्धा नाही, हात आपोआप गेला. वापरला नाही म्हणजे नवा, असं आम्ही दुकानदार समजतो. रबर उन्हात सुकतं, दुमडीपाशी त्याला भेग पडते, आणि गरम पाणी ती भेग रोज थोडी थोडी उघडतं, हे काय मला ठाऊक नव्हतं? गिऱ्हाइकाला मीच तर सांगतो की पाच-सात वर्षं झाली, पाइप ताठ झाला, जाळीवर गंज आला, तार तुटली किंवा कुठे फुगवटा दिसला की बदलून टाका, थांबू नका.

"कुठला हो हा पाइप?" वहिनींनी विचारलं.

"कंपनीचा माल," मी म्हणालो. "कधी कधी सदोष येतो एखादा."

वहिनींनी दोन्ही पाइप पिशवीत घातले आणि गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी डोक्यात काय चाललं होतं सांगू? सांगितलं तर दुकानाचं नाव जाईल. नाही सांगितलं तर वहिनींचं काम जाईल. पण त्यांना कळलं असेल का? कळलं असेल तर बोलल्या का नाहीत? नसेल कळलं तर दाराकडे का बघितलं जाताना? बघितलं होतं की मलाच तसं वाटलं? बायकोने दोनदा विचारलं, जेवण गार होतंय, लक्ष कुठे आहे? मी तिच्यावरच खेकसलो. तिचा बिचारीचा काय दोष!

बुधवारी दुकान बंद करून वसतिगृहात गेलो. वहिनी कचेरीत बसलेल्याच होत्या. व्यवस्थापकबाईंसमोर मी सगळं ओकून टाकलं. खिळा, ऊन, अकरा नग, कंपनीचा माल, सगळं. म्हटलं, ह्यांच्या कामात खोट नाही. खोट माझ्या मालात होती आणि वर मी खोटंही बोललो.

व्यवस्थापकबाई वहिनींकडे वळल्या. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"काल दोरा बघितला तेव्हा कळलं," वहिनी म्हणाल्या. "पण पाइप मी लावला. लावताना वाकवून बघायला हवा होता, दोरा बघायला हवा होता. मी बघितलं नाही, कारण माल घरचा होता. ती चूक माझी. आता तिसऱ्या मजल्यावरचे सगळे पाइप मी माझ्या हाताने बदलते. अँगल कॉकही फिरवून बघते. वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही, मग वेळेला ते फिरत नाहीत. आणि तो माल मी समोरच्या दुकानातून घेईन."

अगदी सरळ आवाजात म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काम राहिलं. विश्वस्तांनी मान्य केलं. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. मी स्वतःहून सांगायला गेलो, ते बरोबर केलं. त्यांनी समोरच्याकडे जायचं ठरवलं, तेही बरोबर. सगळंच बरोबर, मग मला एवढं वाईट का वाटत होतं?

शुक्रवारी दुपारी वहिनी आल्या. हातात समोरच्या दुकानाची पिशवी. मी उठून उभाच राहिलो. त्यांनी काउंटरवर बारा जाळीचे पाइप ओतले, सहा लाल, सहा निळे.

"बघा," म्हणाल्या. "एकेक बघून द्या. तुमच्याइतकं कळणारं माझ्या माहितीत दुसरं कोण आहे?"

मी चष्मा लावला. एकेक पाइप उजेडात धरला. जाळीची तार कुठे तुटलीय का बघितलं, हलकेच वाकवून बघितला, दोरा तपासला, नटात बोट घालून वॉशर चाचपला. तासभर लागला. वहिनी स्टुलावर बसून होत्या, घाई केली नाही.

खोटं कशाला बोलू, त्यातला एखादा तरी खराब निघावा असं मला फार वाटत होतं. एकही निघाला नाही. तसं मी त्यांना सांगितलं.