गोगलगायीची शिंक

“चुकलेल्या मुलाला काय सांगायचं ते मला कळत नाही, पण त्याच्याजवळ थांबून राहता येतं मला,” असं ती एकदा म्हणाली होती. ती हे म्हणाली ते मालकाला, आणि तेही भर बैठकीत. मालकाच्या हातातला चहा तसाच राहिला.

मालक म्हणजे काही फार मोठा माणूस नव्हे. दोन खोल्या, पाच खुर्च्या, खिडकीत वाळत चाललेली एक कुंडी आणि लहान मुलांसाठी मोबाइलवरचे खेळ काढायचा ध्यास, एवढाच त्याचा कारभार. त्याच्याकडे ती चित्रं काढायची आणि खेळ कसा चालावा ते ठरवायची. सगळे तिला खोडरबर म्हणत. कारण नवीन खेळ हातात आला की ती आधी त्यातलं काय काढून टाकता येईल ते बघायची.

या खेपेला अक्षरं गिरवायचा खेळ होता. पडद्यावर मोठं अक्षर, त्याच्या पोटातून एक फिकट वाट, आणि वाटेच्या तोंडाशी एक गोगलगाय. मुलानं बोट गोगलगायीवर ठेवायचं आणि तिला वाटेनं न्यायचं. ती जाईल तिथे मागे चमकती ओली रेघ उमटत जायची, आणि तीच अक्षराची शाई. वाटेवर न दिसणारे टप्पे होते. ते ओळीनंच गाठावे लागत, त्यामुळे ‘ग’ काढताना आधी वरून खाली येऊन वळणारी गाठ, मग शेजारची उभी रेघ आणि शेवटी डोक्यावरची आडवी रेघ, हा क्रम आपोआप हातात बसायचा.

भांडण होतं ते एका पानावरून. मूल वाटेबाहेर गेलं की लाल फुली, कर्कश घंटी आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’, असं पान मालकाला हवं होतं.

“अगं, चूक कळली नाही तर पोरं शिकणार कशी?”

“चूक त्यांना आधीच कळलेली असते. आपण फक्त चारचौघांत ओरडून सांगतो.”

“बरं, फुली राहू दे. निदान बरोबर आलं की खणखणीत ‘शाबास’ तरी?”

“एकदा शाबास म्हटलं की पुढच्या वेळी न म्हटलेलंही ऐकू येतं.”

“तुझ्याशी बोलायचं म्हणजे भिंतीशी टेनिस खेळायचं,” मालक वैतागला. “हे बघ, बालवाडीत दोन दिवस मुलांच्या हातात देऊ. पोरांनी अक्षर पुरं केलं तर तुझं खरं. नाहीतर फुली येणार, आणि ती तूच काढायची. लालभडक.”

ती तयार झाली. एकदा त्याच बालवाडीत मुलं काय करतात ते बघायला ती गेली होती, तेव्हा तिनं एक मुलगी पाहिली होती. पाट्या वाटल्या की ही दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. तळ्यात पडलेल्या दगडासारखी, हलायची नाही. बाई तिला लाडानं मुठी म्हणत. पाटी कोरी राहायची. कोऱ्या पाटीवर चूक नसते, हे तिला फार लवकर कळलं होतं. खोडरबरच्या मनातून ती पाटी काही जाईना. लाल फुली काढावी लागली असती, तर ती त्या पाटीवरच काढल्यासारखी झाली असती.

म्हणून तिनं गोगलगायीला एक गंमत दिली. वाट सुटली की गोगलगाय ओरडायची नाही, रडायची नाही, नुसती शिंकायची. शिंकेसाठी वडिलांना धरून माइकसमोर बसवलं.

“इतकी वर्षं माझ्या शिंकेला हसलात, आता तीच विकायला काढली?” वडील म्हणाले, आणि असे शिंकले की शेजारच्यांनी भिंत ठोकली.

पहिल्या दिवशी बालवाडीत बुटक्या टेबलांवर टॅब मांडले. मालक दारात हाताची घडी घालून उभा. पहिलं बोट वाटेबाहेर गेलं आणि गोगलगाय शिंकली. हशा पिकला. मग दुसरं बोट, तिसरं. थोड्या वेळात सगळा वर्ग शिंकांनी दणाणून गेला आणि एकाही पडद्यावर अक्षर उभं राहिलं नाही. मुठी नेहमीसारखी हात दाबून बसलेली.

“झालं समाधान?” मालक म्हणाला. “फुली काढायला घे.”

खोडरबर एका कुरळ्या केसांच्या मुलीजवळ जाऊन जमिनीवर बसली.

“काय गं, तू हिला सारखी वाटेबाहेर का नेतेस?”

“शिंकते ना ती!” कुरळी म्हणाली. असा काय प्रश्न, अशा नजरेनं तिनं पाहिलं. “वाटेवर काहीच नाही करत.”

खोडरबरनं कपाळावर हात मारून घेतला आणि मग तिला हसूच आवरेना. मुलांना वाट जमत नव्हती असं नव्हतं. सगळी मजा तिनंच वाटेबाहेर सांडून ठेवली होती. न दुखवण्याच्या नादात चुकण्याची जत्रा भरवली होती.

“म्हणजे तुझ्या वडिलांनी घात केला,” मालकही हसला. “उद्या आहे अजून. बघ काय करतेस ते.”

त्याच संध्याकाळी तिनं खेळ पुन्हा हाताखाली घेतला. शिंक उचलली आणि अक्षराच्या अगदी शेवटी, आडवी रेघ पुरी होते तिथे, नेऊन ठेवली. प्रत्येक टप्प्यावर गोगलगायीला शिंगं हलवायला लावली. आणि वाट सुटल्यावर काय? काहीच नाही. आवाज नाही, काढलेली रेघ पुसणं नाही. गोगलगाय आहे तिथे थांबते आणि शिंगं पुढच्या वाटेकडे वळवते. बोट बराच वेळ आलं नाही तर वाटेचा पुढचा तुकडा हळूच उजळतो. वारंवार वाट सुटली तर ती मुलाच्या नकळत थोडी रुंद होते.

“हे तर काहीच न करणं झालं,” मालक म्हणाला.

“थांबणं झालं.”

दुसऱ्या दिवशी वर्ग शांत होता. मधूनच कुठेतरी एखादी शिंक आणि पाठोपाठ खुदखुद. एकेका पडद्यावर ‘ग’ उभा राहत होता, कुठे अंग चोरून, कुठे छाती काढून. कुरळीनं दोनदा मुद्दाम बाहेर जाऊन पाहिलं, काही होत नाही म्हणून कंटाळली आणि वाटेवर आली.

मुठीनं एक हात बाहेर काढला. मग त्यातलं एक बोट. गोगलगाय गाठीतून गेली आणि वळणावर बोट घसरून भलतीकडे गेलं. मुठीनं झटकन मान वर केली, कोण बघतंय ते पाहायला. कोणी बघत नव्हतं. खोडरबर खिडकीकडे तोंड करून काचेतलं मुठीचं प्रतिबिंब न्याहाळत होती. मुठीनं पुन्हा खाली पाहिलं. गोगलगाय तिथेच होती, शिंगं वळवून. ओली रेघही तशीच. बोट परत आलं. गाठ झाली, उभी रेघ झाली, आणि मग डोक्यावरची रेघ, जरा थरथरत, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत.

वडील शिंकले.

मुठी दचकली, आणि मग तीही तोंडानं शिंकली, त्याहून मोठ्यानं. कुणी काही सांगायच्या आत तिनं पुन्हा ‘ग’वर बोट ठेवलं. दुसरा हात कधीच बाहेर आला होता.

दारात मालकानं टाळी वाजवायला हात उचलले, आणि तसेच खाली घेतले. “ते फुलीचं पान नकोच,” तो पुटपुटला.

बाई हळूच खोडरबरजवळ आल्या. त्यांचे डोळे भरले होते. “अहो, बोला ना तिच्याशी काहीतरी. तुमचीच कमाई आहे.”

ती मुठीच्या टेबलाशी गेली, वाकली. तोंडाशी ‘शाबास’ आलं होतं. मुठीनं मान वर केली नाही. गोगलगाय वळणावर आली होती. खोडरबर सरळ झाली, कोपऱ्यातल्या चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच, आवाज न करता, दाराबाहेर निघून गेली.