जामीनदार अजीजचाचा

२००३ साली राजुरीत लेथ मशीनसाठी मी पतसंस्थेचं कर्ज घेत होतो. मॅनेजर म्हणाले, "सहकर्जदार किंवा जामीनदार, एक कुणीतरी द्या." आई, सारजाबाई, सहकर्जदार व्हायला निघाली. तिच्या नावावर फक्त राहतं घर होतं.

शेजारच्या गाळ्यात पंपदुरुस्ती करणारे अजीजचाचा सोबत आले होते. त्यांनी मॅनेजरना विचारलं, "दोन्हीत फरक काय, राव?"

मॅनेजर म्हणाले, "सहकर्जदाराचं ते स्वतःचंच कर्ज, पहिल्या हप्त्यापासून. जामीनदारावर ते येतं हप्ते थकल्यावर. तेव्हा संस्था थेट त्याच्याकडेही जाते. मात्र भरलेलं तो कर्जदाराकडून मागू शकतो."

"मग सारजाबाईंना ऱ्हाऊ द्या. जामीन मी. हा सुदर्शन काय लेथ डोक्यावर घेऊन पळणाराय?"

दोन वर्षांनी माझा हात मशीनमध्ये सापडला आणि हप्ते थांबले. नोटीस मला आली, चाचांना आली. आईला आली नाही. चाचांनी थकलेले हप्ते भरले.

हात बरा झाल्यावर मी पैसे परत करायला गेलो, तर म्हणाले, "रोख नको. आधी तुझे पुढचे हप्ते भर. माझे पंपाचे शाफ्ट तुझ्या लेथवर टर्निंग करून दे, त्या मजुरीत फिटंल."

ते फिटलं. पुढे त्यांच्या मुलानं, झीशाननं, कर्ज मागितलं, तेव्हा मॅनेजर मला जामीनदारी समजावू लागले.

"माहीत आहे," म्हणालो आणि सही केली.