पत्रकातली पहिली ओळ

कोपरीतल्या चौकसभेत बोलायची वेळ आली की हातातल्या पत्रकाची अक्षरं धूसर व्हायची, कान वाजायचे, डोकं आवळल्यासारखं वाटायचं. मी दोनदा चष्मा बदलला. डोळे, कान, रक्तदाब, सगळं ठीक निघालं. भाषणंच सोडावीत असं वाटू लागलेलं.

आमच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरी तेच पत्रक वाचताना होतं का?"

"नाही."

"मग चष्म्याला कशाला शिक्षा? अरे, घाबरून भराभर श्वास घेतोस, त्यानेही असं होतं. श्वास सावकाश सोडत जा."

भीती मला सुचलीच नव्हती. 'घाबरू नका' ही पत्रकातली पहिली ओळ माझीच होती.

पुढच्या सभेआधी मी पायरीवर बसून श्वास सावकाश सोडत राहिलो. कान वाजतच होते, पण अक्षरं हळूहळू स्पष्ट झाली. मी उठलो आणि दुसऱ्या ओळीपासून वाचलं.