खाली न राहणारा पडदा

बाल्कन्यांना पाऊस अडवणारे पारदर्शक प्लास्टिकचे पडदे बसवण्यात कुओ याओ-तांगचं अर्धं आयुष्य गेलं. तैवानमधल्या कीलुंग बंदराच्या पावसात या धंद्याला मरण नाही. वरची पट्टी गिलाव्यात ठोकणाऱ्यांना तो शिव्या घालायचा. बोल्ट काँक्रीटच्या तुळईतच हवेत. माझा पडदा वादळातही हलत नाही, अशी त्याची फुशारकी होती, आणि ती खरीही होती.

म्हणून लिआओ मावशींची तक्रार त्याला झोंबली. सहाव्या मजल्यावर त्या एकट्याच राहायच्या. नवरा समुद्रात गेला, देह सापडला नाही; गुरुजींनी किनाऱ्यावरून त्याचा आत्मा बोलावून घरी आणला होता.

"संध्याकाळी मी पडदा सोडते, सकाळी तो वर गुंडाळलेला!"

"दोरी सुटली असेल, मावशी," तो म्हणाला खरा, पण लगेच जीभ चावली. दोरी सुटली की पडदा खाली येतो, वर कसा जाईल?

त्याने कप्प्या लावल्या. ओढायला हलकं झालं, पण पडदा पुन्हा वर. शेवटी दात्यांचा गिअर आणि फिरवायचा दांडा आणला. सातवा महिना होता, 'भाऊमंडळी', म्हणजे भटके आत्मे, मोकाट फिरतात म्हणून या महिन्यात भिंतीला कोणी ड्रिल लावत नाही. त्याने जुनीच भोकं वापरली. पडद्याच्या खालचे चार पट्टे बकलं लावून कठड्याच्या कड्यांत अडकवले.

"दांडा मी गाडीत घेऊन जातो. आता गिअर फिरणार नाही. बघू कोण हलवतं!"

सकाळी मावशींचा फोन आला. तो धावत गेला. पडदा वर, कडेला कड जुळवून गुंडाळलेला. दांडा त्याच्याच हातात.

मग तो वाकला. चारही बकलं नीट उघडलेली. ती त्याने आतल्या बाजूला बसवली होती. पडदा खाली असताना बाहेरून त्यांना हात पोचत नाही.

"मावशी, कोणी आत येत नाहीये," तो हळूच म्हणाला. "हे आतून उघडलंय."

मावशींनी देव्हाऱ्याजवळच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं. "मीच हट्टाने आणलं त्याला, आणि वर प्लास्टिकने कोंडलं. अरे, त्याला घरात कधी करमलंय का?"

त्यांनी नवऱ्याचे गमबूट कठड्याशी ठेवले, उदबत्ती लावली. "जा बाबा. पण भिजू नकोस," म्हणाल्या. ती पुरी जळल्यावरच याओ-तांगकडून दांडा घेऊन त्यांनी पडदा खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी याओ-तांग न बोलावताच गेला. पडदा खाली होता, त्यावरून पाणी ओघळत होतं. मावशींनी दांडा गिअरच्या कडीतच अडकवून ठेवला होता, बकलंही मुद्दाम उघडी.

"राहिला ना खाली?" त्याने हसून विचारलं.

"हललासुद्धा नाही," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे रडून सुजले होते, नजर कठड्याजवळच्या गमबुटांवर होती. "हे दुरुस्त होईल का रे?"