गच्चीवरच्या चादरी आणि परिपत्रक काका

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना बिल्डिंगमध्ये परिपत्रक काका म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं. एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागात त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि निवृत्त झाल्यावरही ती भाषा काही त्यांच्या अंगावरून उतरली नव्हती. जेवायला बसायची वेळ झाली की त्यांची बायको स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "भोजन तयार असल्याची संबंधितांनी नोंद घ्यावी!" आणि हेही गंभीर चेहऱ्याने "नोंद घेतली" म्हणत पाटापाशी येत.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहतो. मला लिहायची सवय नाही, आणि दुसऱ्याबद्दल लिहायचं म्हणजे तर धास्तीच वाटते. ती धास्ती कशाने बसली तेच सांगतो आहे.

काका माणूस प्रामाणिक. पाण्याची टाकी साफ करायची असो की लिफ्टवाल्याला बोलवायचं असो, स्वतः उभे राहत. दर महिन्याला सोसायटीचं एकपानी वार्तापत्र निघे. ते काकाच लिहीत, झेरॉक्स काढून आणत आणि प्रत्येक दाराच्या फटीतून आत सरकवत. सगळं मनापासून, पण वाचत मात्र कोणी नसे. गच्चीबद्दलची सूचना त्यांनी तीन अंकांत छापली होती. ती अशी होती:

"सर्व सदनिकाधारकांना याद्वारे कळविण्यात येते की, सामायिक गच्चीवर काही सदनिकाधारकांकडून दररोज मोठ्या प्रमाणावर चादरी इत्यादी वाळत घालण्यात येत असल्याचे निदर्शनास आले आहे. त्यामुळे इतरांची गैरसोय होत आहे. तरी संबंधितांनी योग्य ती दक्षता घेऊन सहकार्य करावे."

चादरी तशाच वाळत राहिल्या. कमिटीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आमच्या खजिनदार बाई हसल्या. त्या शाळेत भाषा शिकवतात.

"काका, रागावू नका. तुमची सूचना हातात पडली की मला वाटतं घरावर जप्ती आली. कोण करतंय, त्रास कोणाला आणि तुम्हाला हवंय काय, हे त्यात कुठेच नाही. शेजाऱ्यासारखं लिहा ना. समोर बसलेल्या माणसाला सांगतो तसं."

"आमच्याकडे समोर बसलेल्या माणसाला अर्ज करायला सांगत," काका म्हणाले. सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागद घेऊन माझ्याकडे आले. "तुम्ही समोर बसा. तुम्ही सभासद. मी सांगतो, चुकलं तर टोका."

मी बसलो. त्यांनी आधी "याद्वारे" खोडलं. मग "कळविण्यात येते" खोडून तिथे "सांगतो" लिहिलं आणि बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिले. "उघड्यावर आल्यासारखं वाटतं हो," म्हणाले. "कळविण्यात येते म्हटलं की आपण मागे उभे असतो." "सदनिकाधारक" जाऊन "आपण सगळे" आलं. "गैरसोय" म्हणजे नेमकं काय, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, "आमच्या हिला दोरी मिळत नाही, ही गैरसोय." मी म्हटलं, मग तेच लिहा. हळूहळू त्यांना रंग चढला. शेवटी तर ते उभं राहून वाचू लागले:

"मंडळी, एवढ्यात गच्चीवर गेलात का? मी काल गेलो होतो. बघतो तर सगळ्या दोऱ्यांवर चादरीच चादरी! क्षणभर वाटलं, आपल्याला न सांगता कोणी वर लॉज उघडलं की काय! रोज इतके पाहुणे मुक्कामाला येणाऱ्या घराचा हेवाच वाटतो बुवा. पण आमच्या हिलाही चार कपडे वाळत घालायचे असतात हो! तेव्हा लॉजच्या मालकांनी एखादी दोरी शेजाऱ्यांसाठी सोडावी, ही विनंती. भाडं मागू नका म्हणजे झालं!"

लॉजपाशी मी मोठ्याने हसलो. काकांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या लिहिण्यावर कोणीतरी हसलं होतं, म्हणजे त्यांना हवं तसं हसलं होतं.

वार्तापत्र घरोघर गेलं आणि कमाल झाली. लोकांनी ते वाचलं. लिफ्टमध्ये, जिन्यात, दूध घेताना जो तो काकांना अडवून म्हणायचा, "काय काका, लॉजमध्ये एखादी खोली आहे का रिकामी?" बिल्डिंगच्या ग्रुपवर कोणीतरी त्या मजकुराचा फोटो टाकला. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. लॉज कोणाचं हे लिहिलेलं नव्हतं. पण आमच्याकडे रोज चादरी वाळत घालणारं घर एकच होतं, दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

मास्तर म्हणजे व्यायामशाळेचे मास्तर. अजूनही ताठ चालणारे, गेटपाशी उभे राहून पोरांना "खांदे मागे!" म्हणून ओरडणारे. ग्रुपवर ते काही बोलले नाहीत. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आठवड्याने काका टाकीचा फ्लोट पाहायला गच्चीवर निघाले, मीही सोबत होतो. दोऱ्या मोकळ्या! एक चादर नाही. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा. तीन अंक निदर्शनास आणून दिलं, कोणी हललं नाही. एकदा माणसासारखं लिहिलं, काम झालं. चला, मास्तरांचे आभार मानून येऊ. शेजाऱ्याने आभारही मानले पाहिजेत."

पुढचं लिहिण्याआधी मी मास्तरांच्या बाईंना विचारलं आहे. त्या आता मुलीकडे असतात. मास्तर राहिले नाहीत. त्या म्हणाल्या, "लिहा. फक्त हसण्यासारखं लिहू नका."

दार बाईंनीच उघडलं, तेही अर्धवट. पण आतलं दिसायचं ते दिसलं. जेवणाच्या टेबलावर चादर, खुर्च्यांच्या पाठींवर चादर, दोन दारांमध्ये बांधलेल्या नाडीवर चादर. पंखा पूर्ण सोडलेला. आणि फिनेलच्या वासाखाली दबलेला दुसरा एक वास, दमट, आंबट. घरात आजारी माणूस असलेल्यांना तो ओळखू येतो. मला आला.

काकांना अजून आला नव्हता. ते म्हणाले, "वहिनी, आभार मानायला आलो. तुम्ही लगेच मनावर घेतलंत..."

"हळू बोला," बाई म्हणाल्या. त्यांनी मागे पाहिलं, बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं. "ऑपरेशन झाल्यापासून ह्यांना कळत नाही रात्री. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. सकाळी उठून हे स्वतःच चादर काढतात, बादलीत भिजवतात, माझ्याकडे न बघता. मी वर नेऊन वाळवायचे. उन्हात वास जातो ना."

काकांच्या हातात टाकीची किल्ली होती. ती ते या हातातून त्या हातात करत राहिले.

"मला... माझ्या हे निदर्शनास..." आणि थांबले.

"तुमची आधीची सूचना आम्ही वाचली होती," बाई म्हणाल्या. "तिन्ही वेळा. हे म्हणायचे, संबंधितांनी म्हणजे आपणच की गं. पण ते वाचून कोणी आमच्याकडे बघत नव्हतं. या वेळी गेटपाशी पोरांनी विचारलं ह्यांना, मास्तर, लॉज कसं चाललंय? हे हसले. घरी आले आणि म्हणाले, यापुढे चादर वर न्यायची नाही. खालीही जात नाहीत आता."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आतून मास्तरांचा आवाज आला, "कोण आहे गं?"

बाई म्हणाल्या, "कोणी नाही, टाकीचं विचारायला आलेत." आणि आत गेल्या.

काका लिफ्टची वाट न पाहता जिन्याने उतरले. घरात शिरताच त्यांनी कागद ओढला आणि लिहू लागले. मी वाकून पाहिलं. "मंडळी, मागच्या अंकात माझ्याकडून एका घराची..."

"हे छापू नका," मी म्हणालो. मी सहसा असं कोणाला सांगत नाही. "कोणाची माफी, कशाची माफी, लोक विचारतील. सांगाल?"

आमच्या बोलण्यावरून त्यांच्या बायकोला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "अहो, आता तरी गप्प बसायला शिका."

काकांनी तो कागद फाडला. "मला वाटलं, मी शेजारी झालो," एवढंच म्हणाले.

कमिटीच्या पुढच्या बैठकीत त्यांनी विषय मांडला, की गच्चीच्या दोऱ्यांवर कोणी किती आणि काय वाळत घालावं यावर सोसायटीचं बंधन नसावं, आणि तक्रार असेल तर चार दोऱ्या नव्या बांधाव्यात. खजिनदार बाई चकित झाल्या. "काका, एवढं झकास लिहिलंत, लोकांनी ऐकलं, आणि आता उलटा ठराव? झालं काय?"

"लिहिताना माझा तोल गेला," काका म्हणाले.

"अहो, पण कोणाला लागलं का काही?"

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. मीही. एक वाक्य बोलले असते तर सगळ्यांना पटलं असतं, आणि मास्तरांचा मान उरला नसता. काका म्हणाले, "कोणाला नाही. माझ्या हिलाच दोऱ्या कमी पडतात. चार बांधल्या की प्रश्न मिटतो."

"म्हणजे बायकोने झापलं!" अध्यक्ष हसत म्हणाले. सगळे हसले. पुढे बरेच दिवस त्यांना तेच ऐकावं लागलं. ते मान खाली घालून ऐकत. ठराव मंजूर झाला.

वार्तापत्राचा पुढचा अंक आला. "सामायिक गच्चीच्या वापराबाबत यापूर्वी प्रसृत करण्यात आलेला मजकूर रद्द समजण्यात यावा. गच्चीवर अतिरिक्त दोऱ्यांची व्यवस्था करण्यात आली असून सर्व सदनिकाधारकांना त्यांचा विनानिर्बंध वापर करता येईल." खजिनदार बाईंनी कपाळाला हात लावला. काही लोकांनी तो न वाचताच खाली ठेवला. मी मात्र प्रत्येक शब्द वाचला. त्या मजकुरात कोणीच नव्हतं, आणि त्यासाठी किती कष्ट घेतले होते हे मला दिसत होतं.

नव्या दोऱ्या तरीही रिकाम्याच राहिल्या. मग एका सकाळी काका बादली घेऊन वर जाताना दिसले. बादलीत त्यांच्या घरच्या चादरी होत्या, धुतलेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यांची बायको मला म्हणाली, "स्वच्छ चादरी धुतात हो रोज. मी काही बोलत नाही." मीही आमच्या दोन नेऊन घातल्या. माझ्या सुनेने कारण विचारलं, मी म्हणालो, ऊन चांगलं आहे.

कधीतरी त्या चादरींत मास्तरांकडची एक आली. निळ्या काठाची. मग दुसरी. कोणाची कोणती हे आता नुसतं पाहून सांगता येत नव्हतं.

मास्तर पुन्हा गेटपाशी येऊ लागले, पण पोरांना खांदे मागे घ्यायला सांगणं त्यांनी सोडलं ते सोडलंच. काका समोरून आले की ते नेहमीसारखा हात वर करत. काका हात जोडत, काहीतरी बोलायला तोंड उघडत आणि टाकीबद्दल बोलत.