विसरा दाबू नये

ऑपरेटरबाईंना त्यांचं खरं नाव घेऊन हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? निवृत्त झाल्या, एक्स्चेंजची इमारत पाडली, तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. भाचीसुद्धा मावशी म्हणायची सोडून कधी कधी "ऑपरेटरबाई, जरा जोडून द्या की," असं चिडवायची.

दिवसाला दोन-तीनशे माणसांशी बोलणारी बाई निवृत्तीनंतर चार भिंतींशी बोलायला लागली. यजमान आधीच गेले होते, मूलबाळ नव्हतं. पहिल्या वर्षी बाईंनी घरातली सगळी कपाटं तीनदा लावली. चौथ्यांदा लावायला घेतली तेव्हा त्यांची त्यांनाच भीती वाटली, आणि त्या तडक उठून गल्लीच्या टोकाच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेल्या. काउंटरवर माणूस हवा, अशी पाटी त्यांनी येता-जाता पाहिली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय येतं तुम्हाला?" ऑपरेटरबाई म्हणाल्या, "माणसाला ताटकळत न ठेवणं." त्यावर खुर्ची मिळाली, ती सहा वर्षं त्यांचीच होती.

दवाखाना तळघरात. सात पायऱ्या उतरून खाली आलं की डावीकडे काउंटर, समोर बाकं, आत पडद्यांमागे चार पलंग. कंबर धरून उतरणारी माणसं महिन्याभरात हात हलवत वर जायची, आणि जाताना बाईंना सांगून जायची. कुणाचा खांदा, कुणाचा गुडघा, कुणाच्या सुनेचं काय बिनसलंय, हे सगळं बाईंना तोंडपाठ होतं.

मग मॅनेजर आला. तिशीतला, कडक इस्त्रीचा आणि वाईट म्हणावा असा मुळीच नव्हे, फक्त सतत घाईत. त्याने वेळा लिहायची वही बंद करून काउंटरवर एक फोन आणला. त्यात सिम नव्हतंच. सगळं वायफायवर. पेशंट घरून वेळ मागणार, ती फोनवर दिसणार, बाईंनी "हो" दाबायचं, की त्यांना निरोप जाणार. बाईंनी आठवड्यात ते आत्मसात केलं. मॅनेजरला त्याचं जरा आश्चर्यच वाटलं, आणि ते आश्चर्य बाईंना झोंबलं.

गाडी रुळावर होती, पण त्या सोमवारी दवाखान्याचा राउटर बदलला. नाव जुनंच ठेवलं, पासवर्ड नवा. मॅनेजरने आपल्या लॅपटॉपवर टाकला, चालला. आपल्या फोनवर टाकला, चालला. मग एका हाताने जिन्यावरच्या माणसाला थांबायची खूण करत दुसऱ्या हाताने त्याने काउंटरच्या फोनवर टाकला, आणि वर पळाला.

तो फोन काही जोडला जाईना. दवाखान्याचं नाव यादीत दिसायचं, त्याखाली "सेव्ह केलेलं" असं लिहिलेलं. दाबलं की "कनेक्ट करत आहे" म्हणायचा, क्षणभर आशा लावायचा, आणि मग "पासवर्ड तपासा" म्हणून गप्प बसायचा.

"मावशी, तुम्ही काहीतरी दाबलंत," मॅनेजर म्हणाला.

"मी काही दाबलं नाही. तू जाताना होता तसाच आहे."

मॅनेजरने राउटर बंद केला, दहा अंक मोजले, पुन्हा चालू केला. फोन बंद करून चालू केला. दिवसातून चारदा हा उपचार व्हायला लागला. बाईंनी जुनी वही काढली आणि लोकांना घरून फोन करून वेळा द्यायला सुरुवात केली, तरी बुधवारी एकाच वेळेवर तीन पेशंट आले. खांदेवाले काका आणि त्यांच्याआधी आलेल्या शिक्षिका यांची बाकावर चांगलीच जुंपली.

बाईंनी फोन हातात घेऊन नीट पाहिला. नावाशेजारी दातेरी चाकाची खूण होती. ती दाबली, तर वर शब्द होता: विसरा.

"हे दाबलं तर?"

मॅनेजरचा चेहराच उतरला. "नको नको! ते चुकूनही दाबू नका. सगळं जाईल! पेशंट, वेळा, सगळं. माझ्या जुन्या फोनवर मी असंच काहीतरी दाबलं होतं, बारशाचे सगळे फोटो गेले. बायको अजून बोलते त्यावरून." दुधाने तोंड पोळलेला माणूस तो, ताकही फुंकून पिणार. त्याने एका कागदावर ठळक लिहिलं, "विसरा दाबू नये", आणि फोनच्या पाठीला चिकटपट्टीने चिकटवलं. मग जरा थांबून, नजर चुकवत म्हणाला, "मावशी, शनिवारी साडेदहाला डॉक्टर मॅडम येणार आहेत. फोन चालला नाही तर काउंटरवर फोनमधलं कळणारी एखादी मुलगी ठेवावी असं मी त्यांना सुचवलंय. तुम्हालाही आराम."

आराम! आराम म्हणजे ती कपाटं, पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवारी दुपारी त्या घरी चहा घेऊन बसल्या, आणि चहा गार होईपर्यंत विचार करत राहिल्या. त्यांना सारखं एकच खटकत होतं. तो फोन विचारतच नव्हता. नवा राउटर आला, पासवर्ड बदलला, तर त्याने विचारायला हवं की, बाबा, नवा शब्द काय? पण त्याला वाटत होतं, मला माहीत आहे. घाईत जे कुणी सांगितलं तेच कवटाळून तो दर वेळी त्याच बंद दारावर तीच चुकीची किल्ली घेऊन जात होता.

आणि बाईंना एक्स्चेंजमधल्या त्यांच्या पहिल्या वर्षाची आठवण झाली. तार खोचून फोन जोडायच्या बोर्डावर प्रत्येक भोकाखाली गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी असायची. गिऱ्हाईक बदललं तरी बाईंचा हात सवयीने जुन्याच माणसाकडे जायचा. एकदा कापडवाल्याचा फोन त्यांनी वकिलाला जोडला. मुख्य बाईंनी त्यांच्या हातात ब्लेड दिलं आणि म्हणाल्या, "आधी जुनी चिठ्ठी खरवडून काढ. तिच्यावरच नवी चिकटवशील तर दोन्ही वाचता येणार नाहीत." चिठ्ठी खरवडली म्हणून गिऱ्हाईकाच्या घरातला फोन काही नाहीसा व्हायचा नाही. आणि बोर्डावरच्या बाकीच्या चिठ्ठ्या जागच्या जागी असायच्या.

पण खात्री करून घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हाही एक्स्चेंजचाच नियम. बाईंनी स्वतःचा फोन घेतला. घरच्या वायफायचा पासवर्ड भाचीने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता. भाचीची मुलगी, तिचं रांगणं, तिचा पहिला दात, सगळे फोटो त्याच फोनमध्ये होते. गेले तर? पण पाहिल्याशिवाय कळणार कसं? मग त्यांनी दातेरी चाक उघडलं आणि दाबलं: विसरा.

जोडणी तुटली. पण यादीत घरचं नाव होतंच, शेजारी कुलपाची खूण. फक्त "सेव्ह केलेलं" गेलं होतं. बाईंनी नावावर बोट ठेवलं, आणि फोनने इमानदारीत चौकट उघडून विचारलं, पासवर्ड? कॅलेंडर उलटं करून त्यांनी टाकला. जोडला गेला. त्या धावत फोटोंकडे गेल्या. दात जागच्या जागी होता.

"अगं बाई!" त्या मोठ्याने म्हणाल्या. घरात ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हणाल्या.

शनिवारी मॅनेजर नऊला आला तेव्हा बाई काउंटरवर तयारच होत्या. बाकावर गुडघेवाले आजोबा, खांदेवाले काका आणि शिक्षिका. फोन पालथा ठेवलेला, वरचा कागद दिसत होता.

"पासवर्ड कुठे लिहिलाय?" बाईंनी विचारलं.

"माझ्या डायरीत. पण टाकणार कुठे? तो विचारतच नाही."

"विचारेल. मी विसरा दाबणार आहे."

"मावशी! यादी गेली तर जबाबदारी कुणाची?"

"माझी. तसंही माझीच खुर्ची जाणार आहे ना? मग जाताना एक बटण दाबून जाते. आणि घाबरू नकोस, काल घरी माझ्या फोनवर दाबून पाहिलंय. फोन फक्त त्या वायफायचं पाठ केलेलं विसरतो. तुझी यादी त्यात नसते."

गुडघेवाले आजोबा बाकावरून म्हणाले, "दाबू द्या हो त्यांना. आमच्या वेळा तशाही बुडाल्याच आहेत."

बाईंनी दाबलं. मॅनेजरने डोळे मिटले. वेळांची यादी उघडून बाईंनी फोन त्याच्या नाकासमोर धरला. सोमवारपर्यंतचं सगळं होतं तसं होतं.

"आता डायरी काढ. वाच. एकेक अक्षर, घाई नाही." चौकटीतली डोळ्याची खूण दाबून त्यांनी टाकलेली अक्षरं दिसतील अशी केली. सोमवारी मॅनेजरने नुसत्या ठिपक्यांवर भरवसा ठेवला होता. तो वाचू लागला, आणि बाई सहा वर्षांत कुणी न ऐकलेल्या आवाजात, सरळ आणि स्वच्छ, प्रत्येक अक्षर परत म्हणू लागल्या.

"मोठा के."

"मोठा के."

"सात, सात."

"सात. सात. दोनदा. पुढे."

सगळं झाल्यावर त्यांनी पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचून दाखवलं, जसं ट्रंक कॉलचा नंबर वाचून दाखवायच्या. मॅनेजरने मान डोलावली. बाईंनी "कनेक्ट करा" दाबलं.

एक क्षण गेला. मग फोन टुणकन वाजला. पुन्हा वाजला. मग असा काही सुटला की थांबेचना. सोमवारपासून अडकलेल्या विनंत्या एकामागून एक येऊन पडत होत्या. शिक्षिकेने टाळी वाजवली, खांदेवाल्या काकांनी दुखरा हात विसरून तोच वर केला, आणि मग ओरडले. बाई फोन हातात धरून मोजत राहिल्या: अठरा, एकोणीस, वीस.

साडेदहाला डॉक्टरीणबाई उतरल्या तेव्हा बाकं शांत होती, प्रत्येक पलंगावर ज्याची वेळ तोच माणूस होता, आणि बाई "हो" दाबत होत्या.

"चालू झाला? काय बिघडलं होतं?" त्यांनी विचारलं. "पासवर्ड कुणी चुकीचा टाकला होता का?"

मॅनेजर काउंटरच्या कडेशी उभा होता. त्याच्या कडक कॉलरीखाली मान लाल झाली होती. "यानेच चुकीचा टाकला होता," हे सोमवारपासून म्हणायचं राहिलेलं वाक्य बाईंच्या जिभेवर आलं होतं. पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांना फोनमध्ये बारशाचे फोटो शोधणारा एक बाप दिसला.

"काय टाकलं होतं ते फोन विसरला, मॅडम," त्या म्हणाल्या. "मग मी कशाला लक्षात ठेवू?"

डॉक्टरीणबाई दोघांकडे आळीपाळीने पाहून हसल्या. "ती मुलगी ठेवायचं म्हणत होतास, त्याचं काय?" त्यांनी मॅनेजरला विचारलं.

त्याने काउंटरवरचा फोन उचलला, पाठीवरचा कागद नखाने खरवडून काढला, चिकटपट्टीचा कणही राहू दिला नाही. मग नवा कागद घेतला, हळूहळू, एकेक अक्षर लिहिलं आणि काउंटरच्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं लावलं:

"वायफाय जोडत नसेल तर ऑपरेटरबाईंना विचारावे."