नावाच्या खात्यावर

लॉन्ड्रीवाल्या काकूंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका सकाळी कामावर गेला आणि छातीत कळ येऊन तिथेच गेला. त्याच्या विम्यावर वारस म्हणून काकूंचं नाव होतं. पण त्या दिवसांत त्यांना कपडे मोजायचंही भान नव्हतं. धाकटे दीर हार्डवेअरचं दुकान चालवायचे. तेच कागद घेऊन आले. "वहिनी, तुम्ही फक्त सह्या करा. धावपळ माझ्याकडे." काकूंनी न वाचता सह्या केल्या. बँकेच्या तपशिलाचा रकाना तेव्हा कोराच होता.

काही आठवड्यांनी विमा कंपनीचा फोन आला: खात्याची माहिती जुळत नाही, एकदा येऊन जा. इस्त्री बंद करून काकू तशाच ऑफिसात गेल्या.

काउंटरवरच्या बाईंनी फाइल उघडली. "हा तुमचा चेक?"

चेकवर दोन तिरप्या रेघा मारून मध्ये 'रद्द' लिहिलं होतं. सगळं कसं नीटनेटकं. फक्त खाली छापलेलं नाव दिरांचं होतं.

"हे माझे दीर आहेत," काकू म्हणाल्या.

"मग हे चालणार नाही. पैसे वारसाच्याच खात्यात जातात. नाव वेगळं दिसलं म्हणून आम्ही थांबवलं."

म्हणजे परक्या बाईच्या नजरेला खुपलं, ते घरच्या माणसाला खुपलं नाही. काकूंचे कान तापले. तिथून त्या सरळ दिरांच्या दुकानात गेल्या. दीर गिऱ्हाइकाला बिजागऱ्या दाखवत होते.

"भाऊजी, माझ्या क्लेमला तुमचा चेक कसा लागला?"

"अहो, आत या, बसा तरी."

"उभ्यानंच सांगा."

"तुमचं आणि दादाचं जॉइंट खातं. चेकवर पहिलं नाव दादाचं, तो गेल्यावर त्याच्यात घोळ होणार. म्हणून म्हटलं, पैसे माझ्याकडे येऊ देत. लागतील तसे देत राहीन."

"लागतील तसे? आणि किती लागतात ते कोण ठरवणार?"

दिरांचं तोंड उतरलं. "चांगलं करायला गेलो, तर चोर ठरलो."

"विचारलं असतंत, तर चांगलं झालं असतं," काकू म्हणाल्या. "वीस वर्षं पहाटे उठून मी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. लॉन्ड्रीचा गल्ला मी सांभाळते. आणि माझ्या नवऱ्याच्या पैशासाठी मी तुमच्यापुढे हात पसरायचा?"

गिऱ्हाईक बिजागऱ्या तिथेच ठेवून हळूच बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी बँकेत एकटीच्या नावाचं खातं उघडलं. चेकबुक हातात आलं, पण त्यावर नावच छापलेलं नव्हतं. विमा ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "रद्द केलेला चेक द्याच, पण यावरून खातं कोणाचं ते कळत नाही. पासबुकाचं पहिलं पान जोडा. नाव, खाते नंबर, आयएफएससी कोड, आणि वर बँकेचा शिक्का."

बँकेतला कारकून मान वर न करता म्हणाला, "पासबुकाचं मशीन बंद आहे. उद्या या."

"कालही उद्याच म्हणालात."

"मी काय करू, मशीन बंद आहे तर?"

"मशीन बंद असलं तरी शिक्का सुरू आहे ना? खात्याचं स्टेटमेंट कॉम्प्युटरवरून काढा आणि त्यावर सही-शिक्का द्या. नाहीतर मॅनेजर कुठे बसतात ते दाखवा."

रांगेतली माणसं बघायला लागली. कारकुनानं कुरकुरत स्टेटमेंट काढलं. काकूंनी तिथेच उभं राहून स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर पॉलिसीशी आणि खाते नंबराचा एकेक आकडा चेकबुकाशी पडताळला, मगच शिक्का मारून घेतला. कोऱ्या चेकवर दोन रेघा मारून, नंबर झाकला जाणार नाही असं बघून मध्ये 'रद्द' लिहिलं. सही केली नाही. विमा ऑफिसात आधीचा अर्ज बाद करून नव्या खात्याची माहिती त्यांनी स्वतःच्या अक्षरात भरली, बाईंकडून पोच घेतली आणि दिरांचा चेक परत मागितला. "तो फाइलीत राहतो," बाई म्हणाल्या. "मग त्यावर काट मारा," काकू म्हणाल्या. बाईंनी मारली.

काही दिवसांनी खात्यात एक रुपया आला. खातं खरंच काकूंचं आहे का, हे कंपनीनं पाहिलं होतं. मग सगळी रक्कम आली. काकूंना आनंद झाला नाही. नवरा परत येणार नव्हता, आणि जे हक्काचं होतं ते घ्यायला इतकं भांडावं लागलं, याचा रागच जास्त होता.

आता दीर नातेवाइकांत सांगतात, वहिनीला माणसांवर विश्वास नाही. कुणीतरी ते काकूंच्या कानावर घातलं. काकूंनी इस्त्रीतलं पाणी बदललं आणि म्हणाल्या, "विश्वास होता म्हणून तर न वाचता सह्या केल्या. आता वाचून करते. त्यांना राग आला असेल, तर येऊ दे."